जुन्या चित्रावरचा कुठला थर कुणाचा?

ड्रेस्डेनच्या चित्रसंग्रहालयात योहान्स व्हर्मीर या डच चित्रकाराचं एक चित्र आहे, १६५७ ते १६५९च्या सुमारास रंगवलेलं. एक तरुणी उघड्या खिडकीपाशी उभी राहून पत्र वाचते आहे. तिच्या मागे मोठी भिंत आहे आणि अडीचशेहून अधिक वर्षं पाहणाऱ्यांना ती कोरी करकरीत दिसत आली. त्या रिकामेपणावर अभ्यासकांनी भरभरून लिहिलं. मग १९७९मध्ये चित्राचा क्ष-किरण फोटो काढला गेला आणि भिंतीवर टांगलेलं दुसरं एक चित्र त्यात दिसलं. हाती धनुष्य घेतलेला क्युपिड, म्हणजे रोमन लोकांचा प्रेमदेव. कुणीतरी त्याच्यावर भिंतीचा रंग चढवून त्याला झाकून टाकलं होतं.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. क्युपिड आहे हे कळूनही त्याला जवळपास चाळीस वर्षं कुणी हात लावला नाही. सगळ्यांची समजूत अशी होती की व्हर्मीरनेच विचार बदलला असावा आणि स्वतःच तो भाग रंगवून टाकला असावा. चित्रकार असं नेहमी करतात. तसं असेल तर वरचा रंग हाच त्याचा शेवटचा निर्णय ठरतो. तो खरवडून खालचं काढणं म्हणजे चित्रकाराने स्वतः मागे घेतलेली गोष्ट त्याच्या नावावर पुन्हा मांडणं.

जुनं चित्र स्वच्छ करायचं, गेलेला रंग भरायचा की काळाच्या खुणा तशाच ठेवायच्या, हे ठरवताना संवर्धकासमोर पहिला प्रश्न येतो तो हाच: हा थर कुणाचा? चित्रकाराचा, नंतरच्या कुणा माणसाचा की नुसत्या काळाचा? दुसरा प्रश्न लगेच मागून येतो: आपण जे करू ते उद्या परत फिरवता येईल का? बाहेरच्या माणसाला भीती वाटते ती ब्रशची, कुणीतरी चेहरा बिघडवेल याची. प्रत्यक्षात आज नीट केलेली रंगभरणी पुसून काढता येते. सफाई मात्र परत फिरवता येत नाही. कापसाच्या बोळ्यावर आलेला रंग चित्रावर परत जात नाही. म्हणून सगळ्यात जास्त वेळ जातो तो सफाईच्या आधी.

आधी थर ओळखायचे

तैलचित्र बाजूने कापून पाहिलं तर ते एकावर एक बसलेल्या थरांचं असतं. तळाला कापड किंवा लाकडी फळी. तिच्यावर सरस लावलेला असतो आणि त्यावर खडू किंवा पांढऱ्या शिशाचं अस्तर. मग रंगाचे थर, त्यातले काही जाड आणि अपारदर्शक, तर काही रंगीत काचेसारखे पातळ. लाल वस्त्राला जी खोली येते ती बहुतेक वेळा या शेवटच्या पातळ, पारदर्शक थरामुळे येते. सगळ्यात वर वॉर्निश, म्हणजे झाडाच्या राळेपासून केलेला पारदर्शक लेप. त्यावर धूळ, धूर आणि काजळी. आणि या सगळ्याच्या मध्ये कुठे ना कुठे आधीच्या दुरुस्त्या: कुणी भोक बुजवलेलं, कुणी आकाश पुन्हा रंगवलेलं, कुणी भिंत.

हे थर वेगळे ओळखायला संवर्धक आधी डोळे आणि दिवा वापरतो. दिवा बाजूने, अगदी तिरपा धरला की पोपडे, उंचवटे आणि उचललेल्या कडा सावल्या टाकतात. मग खोली अंधारी करून अतिनील प्रकाश. जुनं नैसर्गिक राळेचं वॉर्निश या प्रकाशात हिरवट, धुकट चमकतं आणि त्याच्यावर नंतर केलेली रंगभरणी काळपट डागांसारखी उठून दिसते. एक मर्यादा इथे लक्षात ठेवावी लागते. दुरुस्ती जाड वॉर्निशच्या खाली असेल तर वरची चमक तिला लपवते. त्यामुळे डाग दिसला नाही म्हणजे दुरुस्ती नाही, असं म्हणता येत नाही.

क्ष-किरणांना शिशासारखी जड द्रव्यं अडवतात, म्हणून पांढऱ्या शिशाने रंगवलेले भाग फोटोत उजळ दिसतात, वरून झाकलेले असले तरी. ड्रेस्डेनचा क्युपिड तसाच सापडला. पण क्ष-किरण सगळे थर एकाच फोटोत दाबून दाखवतात. कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा आणि दोघांत किती काळ गेला, ते त्यातून समजत नाही. त्यासाठी रंगाचा खरा नमुना लागतो. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा कण, तोही आधीच रंग उडालेल्या जागेच्या काठावरून घेतलेला. तो पारदर्शक रेझिनमध्ये घट्ट बसवून घासतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची कड बघतात. तिथे थर एकावर एक रचलेले दिसतात, अगदी मधली धुळीची रेघसुद्धा.

साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही एक खूण फार बोलकी असते. तैलरंगाला वयानुसार तडे जातात. मूळ रंगाचे तडे रंगालाच चिरत खाली गेलेले असतात. नंतर चढवलेला रंग मात्र त्या तड्यांमध्ये उतरलेला दिसतो. रंग तड्यात शिरला असेल तर तो लावला तेव्हा तडा आधीच होता. म्हणजे पहिला थर वाळून, म्हातारा होऊन बराच काळ लोटल्यावरच दुसरा आला. रंगद्रव्यंही तारीख सांगतात. टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकात बाजारात आला. सतराव्या शतकातल्या चित्रावर तो सापडला तर तो भाग कुणी तरी अलीकडे रंगवला आहे हे नक्की.

सफाई: वॉर्निश निघावं, रंग राहावा

मस्तकी किंवा डामरसारख्या राळेचं वॉर्निश लावताना जवळपास रंगहीन असतं. हवेतला प्राणवायू आणि प्रकाश यांच्यामुळे ते हळूहळू बदलतं, पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. निळं आकाश हिरवट होतं, पांढरा कपडा मधाच्या रंगाचा होतो आणि सावल्यांमधला फरक बुजतो. हे काळाचं काम आहे, चित्रकाराचं नाही. म्हणून बहुतेक संवर्धक ते काढण्याच्या बाजूने असतात.

अडचण रसायनाची आहे. ताजं वॉर्निश सौम्य द्रावकात विरघळतं. प्राणवायूशी जसजसा त्याचा संयोग होतो तसतसा त्याचा स्वभाव बदलतो आणि ते काढायला अल्कोहोल किंवा ॲसिटोनसारखं तीव्र द्रावक लागतं. वाळलेला तैलरंग अशा द्रावकात सहसा विरघळत नाही, पण फुगतो. फुगला की मऊ पडतो, आणि मऊ रंगावरून बोळा फिरला की तो घासला जातो. शिवाय रंगातले काही तेलाचे घटक द्रावकाबरोबर निघून जातात आणि रंग कोरडा, ठिसूळ होतो. म्हणजे वॉर्निश विरघळवणारी आणि रंगाला धक्का न लावणारी द्रावकं यांची एक पट्टी असते. वॉर्निश जितकं जुनं तितकी ती पट्टी अरुंद. संवर्धक शोधत असतो ती ही पट्टी.

शोधायची पद्धत संथ आहे. आधी फक्त वरची धूळ-काजळी, तीसुद्धा पाण्यासारख्या सौम्य द्रवाने. यात आजही कित्येक संवर्धक चक्क लाळ वापरतात, कारण तिच्यातलं विकर काजळीला बांधून ठेवणारा चिकटपणा सोडवतं आणि रंगाला त्रास देत नाही. मग वॉर्निशच्या चाचण्या. काडीला गुंडाळलेला लहानसा कापसाचा बोळा, सर्वांत सौम्य मिश्रण, आणि चित्राच्या कडेची काही मिलिमीटरची जागा. बोळा घासायचा नाही, गोल फिरवत न्यायचा. काही फेऱ्या झाल्या की बोळा बघायचा. पिवळा-तपकिरी झाला तर वॉर्निश निघतंय. लाल, हिरवी, निळी छटा आली तर तिथेच थांबायचं. काहीच आलं नाही तर मिश्रण किंचित तीव्र करायचं.

ही चाचणी एकदा करून भागत नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळी करावी लागते. पांढऱ्या शिशाचा रंग दणकट असतो. तो वॉर्निशबरोबर निघत नाही म्हणून निश्चिंत झालात आणि तेच मिश्रण लाल पारदर्शक थरावर किंवा गडद तपकिरी सावलीवर वापरलं, तर चित्रकाराने शेवटी चढवलेला थर जातो आणि मागे राहतो तो खालचा सपाट, कोरडा रंग. जुन्या काळच्या कितीतरी सफाया अशाच बिघडल्या आहेत. चेहऱ्यावरची छटा निघून जाते आणि खालचा मांडणीचा रंग उघडा पडतो. असं चित्र ओळखू येतं: उजळ भाग शाबूत, सावल्या मात्र झिजलेल्या, आणि कापडाच्या विणीचे उंचवटे रंगातून डोकावणारे.

तपकिरी रंगाचं एक खास संकट आहे. बोळ्यावर आलेलं तपकिरी म्हणजे वॉर्निश की चित्रकाराची सावली, हे साध्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून बोळाच अतिनील प्रकाशाखाली धरतात. जुनं वॉर्निश चमकतं. दुसरं उदाहरण पानांचं. तांब्यापासून केलेला पारदर्शक हिरवा रंग शतकानुशतकांत पृष्ठभागावर तपकिरी पडतो. जुन्या चित्रांतली झाडं शिशिरातली वाटतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं. तो तपकिरीपणा वॉर्निश समजून कुणी पुसत बसला तर वॉर्निशऐवजी पानंच निघतील. इथे न ओळखता केलेली सफाई म्हणजे मोडतोड.

मग संपूर्ण वॉर्निश काढायचं की थोडं राखायचं? यावर गंभीर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने महायुद्धाच्या काळात स्वच्छ केलेली चित्रं १९४७मध्ये मांडली, तेव्हा अनेकांना ती उजळ नव्हे, सोललेली वाटली. गॅलरीचं म्हणणं होतं की चित्र खरं असं होतं. विरोधकांचं म्हणणं असं की वयानुसार चित्राचे वेगवेगळे रंग वेगवेगळे बदललेले असतात. वॉर्निश काढल्यावर आपल्याला मूळ चित्र मिळत नाही, तर आज आहे तसं, बदललेलं चित्र वॉर्निशशिवाय मिळतं. हा मुद्दा मला खरा वाटतो. पिवळं वॉर्निश कायम ठेवायला तो पुरेसा नाही, पण 'मूळ रूप परत आणलं' अशी भाषा करण्यापासून तो नक्कीच रोखतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात लिओनार्दोचं संत ॲनीचं चित्र २०१० ते २०१२ या काळात स्वच्छ करताना हाच वाद पेटला. लिओनार्दोची सावली अत्यंत पातळ थरांनी घडलेली. शेवटचा थर कुठे संपतो आणि वॉर्निश कुठे सुरू होतं हे सांगणं अवघड. वॉर्निश पूर्ण न काढता पातळ करण्याचं ठरलं, तरीही सफाई गरजेपेक्षा पुढे गेली असं वाटून सल्लागार समितीतल्या दोघा तज्ज्ञांनी राजीनामे दिले. थोडं वॉर्निश मागे ठेवण्याचा फायदा सरळ आहे: उद्या कुणाला ते पुढे पातळ करता येईल, पण जास्त काढलं गेलं तर उद्या कुणालाच काही करता येणार नाही.

क्युपिडचा निकाल

ड्रेस्डेनमध्ये २०१७ साली व्हर्मीरच्या चित्राचं काम सुरू झालं ते मुळात पिवळं वॉर्निश काढण्यासाठी. क्युपिडला उघडं करण्याचा बेत नव्हता. संवर्धक क्रिस्टोफ श्योल्झेल यांना वॉर्निश काढताना जाणवलं की भिंतीच्या मधल्या भागातला रंग द्रावकाला वेगळा प्रतिसाद देतो, बाकीच्या रंगासारखा वागत नाही. एकाच चित्रकाराने एकाच वेळी लावलेला रंग असा वागायला नको.

मग नमुने घेऊन प्रयोगशाळेत त्यांच्या कडा पाहिल्या. क्युपिडचा रंग आणि त्याच्यावरचा भिंतीचा रंग यांच्यामध्ये लेपाचे थर आणि मळाचा थर सापडला. हा मळ सगळ्या प्रकरणाचा साक्षीदार ठरला. चित्रकार स्वतः मत बदलतो तेव्हा तो ओल्या किंवा नुकत्या वाळलेल्या रंगावर काम करतो. मध्ये मळ बसायला अवधीच नसतो. इथे क्युपिड पूर्ण झाला, त्याच्यावर लेप चढला, चित्र भिंतीवर टांगलं गेलं, धूळ साठली, आणि दशकांनंतर कुणीतरी भिंत रंगवली. व्हर्मीर १६७५ साली वारला. अभ्यासक या निष्कर्षाला आले की हा हात त्याचा नव्हता.

एवढं कळल्यावरही वरचा रंग काढायचाच असं आपोआप ठरत नाही. आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. खाली जे आहे ते किती शाबूत आहे? झाकणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं झाकत असतो. वरचं काढल्यावर खाली फक्त अवशेष उरले असतील तर चित्राचं नुकसानच होईल. क्युपिड मात्र चांगल्या अवस्थेत होता. दुसरं, वरचा रंग खालच्याला न दुखवता निघेल का? तज्ज्ञांच्या समितीने सगळा पुरावा पाहिला आणि २०१८मध्ये रंग काढण्याचा निर्णय झाला.

द्रावक वापरलं असतं तर वरच्या रंगाबरोबर क्युपिडवरचा अतिशय पातळ जुना लेपही गेला असता, आणि तो लेप राखायचा होता. म्हणून श्योल्झेल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या सुरीने वरचा रंग कणाकणाने उचलला. मळ आणि लेपाचा मधला थर इथे उपयोगी पडला, कारण रंग त्या रेषेवर सुटत होता. अर्धवट झालेलं काम २०१९मध्ये लोकांना दाखवलं गेलं आणि २०२१च्या सप्टेंबरमध्ये पूर्ण चित्र प्रदर्शनात आलं. पिवळेपणा गेल्याने खोलीतला उजेड थंड, सकाळचा झाला आहे. तरुणीच्या डोक्यामागे क्युपिड उभा आहे आणि ती प्रेमपत्र वाचते आहे हे आता चित्रच सांगतं.

कुणी म्हणेल, मग दुसऱ्याचा हात सापडला की काढायचा, असा नियमच झाला. तसं नाही. मायकेलॲन्जेलोच्या 'अंतिम निवाडा' या सिस्टीन चॅपेलमधल्या भिंतीचित्रात पात्रं नग्न होती. मायकेलॲन्जेलोच्या मृत्यूनंतर, १५६५ साली, चर्चच्या आदेशावरून दानिएले दा वोल्तेर्रा या चित्रकाराने त्यांच्यावर वस्त्रं चढवली. पुढच्या शतकांत इतरांनीही त्यात भर घातली. १९९०च्या दशकात हे चित्र स्वच्छ झालं तेव्हा नंतरची वस्त्रं काढली गेली, दानिएलेची मात्र ठेवली. कारण दुहेरी होतं. त्या काळच्या धर्मसभेने कलेवर घातलेल्या बंधनांचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. आणि काही ठिकाणी त्याने मूळ गिलावाच खरवडून नव्याने रंगवलं होतं, त्यामुळे खाली मायकेलॲन्जेलो उरलाच नव्हता. दुसऱ्याचा हात इथेही होता. पण तो काढून हाती काही लागणार नव्हतं, उलट इतिहास मात्र गेला असता.

जे काळाने केलं आणि उलटवता येत नाही

काही बदल थराच्या वर नसतात, रंगाच्या आतच असतात. लाल सेंद्रिय रंग उजेडाने उडतात. निळ्या काचेच्या भुकटीपासून केलेला स्मॉल्ट करडा होतो. हिरवी पानं तपकिरी पडतात. पुसायला तिथे काहीच नसतं. त्यावर ताजा रंग चढवला तर चित्रकाराचा खरा, जरी बदललेला, रंग कायमचा झाकला जाईल आणि त्याजागी आपला अंदाज येईल. संवर्धक इथे हात मागे घेतो.

हार्वर्ड विद्यापीठासाठी मार्क रॉथकोने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी चित्रं रंगवली. त्यात वापरलेला एक लाल रंग खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात इतका उडाला की चित्रं काढून ठेवावी लागली. रॉथकोने त्यांना वॉर्निश लावलं नव्हतं. त्यामुळे वर चढवलेला कोणताही रंग थेट मूळ पृष्ठभागात मुरला असता आणि परत काढता आला नसता. २०१४मध्ये तिथल्या संवर्धकांनी वेगळाच मार्ग काढला. जुन्या रंगीत छायाचित्रांवरून मूळ रंग शोधले, प्रत्येक जागी किती रंग उडाला याचा हिशेब केला आणि तेवढ्याच रंगाचा प्रकाश प्रोजेक्टरने चित्रावर टाकला. दिवा चालू असताना रंग भरल्यासारखा दिसतो, बंद केला की चित्र आज आहे तसं. कॅनव्हासला कुणी स्पर्शही केलेला नाही.

तडे हा याच जातीचा प्रश्न आहे. रंगाचे तडे साधारणपणे बुजवत नाहीत. ते वयाचे आहेत, सगळ्या थरांतून गेलेले आहेत, आणि डोळा त्यांना सवयीने ओलांडतो. पण तड्याच्या कडा वर वळल्या असतील, वाटीसारखी खपली सुटू पाहत असेल, तर ती लगेच चिकटवावी लागते. सफाईचा विचारही त्याआधी करायचा नाही, कारण बोळा फिरवल्यावर सुटी खपली बोळ्याला चिकटून निघून येईल. माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पातळ सरस खपलीखाली सोडतात आणि कोमट हत्याराने हलकेच दाबून बसवतात.

रंगभरणी: फक्त जिथे रंग नाही तिथेच

जुने दुरुस्तीकार रंग उडालेली जागा भरताना तिच्या चहूबाजूंचा मूळ रंगही झाकून टाकत. तेलात रंग घोटून मोठ्या भागावर एकसारखा हात फिरवणं सोपं होतं. अशा दुरुस्त्या काही दशकांत गडद होतात, कारण तेल पिवळं पडतं. शिवाय तो रंग पिवळ्या वॉर्निशशी जुळवलेला असतो. वॉर्निश काढलं की दुरुस्ती एकटी मागे राहते आणि डागासारखी दिसते. आज नियम कडक आहे: रंग उडाला असेल तेवढ्याच जागेत, मूळ रंगाच्या एका कणावरही नाही.

काम असं चालतं. सफाई झाल्यावर चित्रावर पातळ वॉर्निशचा एक थर देतात. हा थर मूळ रंग आणि नवी भरणी यांना वेगळं ठेवतो. उडालेली जागा खडू आणि सरसाच्या लगद्याने भोवतालच्या पातळीपर्यंत भरतात. पृष्ठभागाची वीण किंवा ब्रशचे उंचवटे त्यावर उमटवावे लागतात, नाहीतर रंग अगदी जुळला तरी सपाट चकतीसारखी जागा उजेडात चमकते आणि फसते. मग जलरंगाने तळ आणि वर कृत्रिम राळेत घोटलेले रंग. ही राळ मुद्दाम निवडलेली असते, कारण ती पुढची कित्येक वर्षं सौम्य द्रावकात विरघळत राहते, तैलरंगाला धक्का न लावता. रंग जुळवताना एक सापळा असतो. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी केलेली एकच छटा दिवसाच्या उजेडात सारखी दिसते आणि दालनातल्या दिव्याखाली वेगळी पडते. म्हणून शक्य तिथे मूळ चित्रकाराने वापरलेल्या रंगद्रव्यांच्या जवळची द्रव्यं घ्यावी लागतात आणि दोन-तीन प्रकारच्या उजेडात तपासावी लागतात.

किती भरायचं हे मात्र कौशल्याचं नव्हे, पुराव्याचं काम आहे. आकाशातला नखाएवढा डाग असेल, तर भोवतालचा रंग तिथे काय होतं ते सांगतोच. तो दिसणार नाही असा भरला तरी कुणाची फसवणूक होत नाही, कारण नोंदीत तो असतो आणि अतिनील प्रकाशात कुणालाही दिसतो. पण अर्धा चेहरा गेला असेल तर डोळा कुठे होता, ओठ कसे वळले होते, ते कुणालाच माहीत नाही. इथे कितीही कौशल्याने भरलेली जागा म्हणजे संवर्धकाने रचलेलं नवं चित्र.

इटलीत यावर एक मधला मार्ग तयार झाला. रोममधल्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेच्या चेझारे ब्रांदी यांनी तो मांडला: उडालेल्या जागेत बारीक उभ्या रेघा शेजारी शेजारी ओढायच्या. एक-दोन मीटरवरून त्या एकजीव होतात आणि चित्र सलग दिसतं. जवळ गेलं की रेघा दिसतात आणि नवं कुठलं, जुनं कुठलं ते कुणालाही कळतं. पण ही पद्धतही आकार माहीत असेल तेव्हाच चालते.

१९६६च्या नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्सला पूर आला आणि चिमाब्युएने तेराव्या शतकात रंगवलेला सांता क्रोचे चर्चमधला प्रचंड लाकडी क्रूस पाण्यात आणि चिखलात बुडाला. सुमारे ६० टक्के रंग गेला. ख्रिस्ताच्या चेहऱ्याचा आणि देहाचा मोठा भागही गेला. जुन्या छायाचित्रांवरून तो पुन्हा रंगवता आला असता, पण मग साठ टक्के चिमाब्युए आपला झाला असता. उंबेर्तो बाल्दिनी आणि ओर्नेल्ला काझाझ्झा यांनी त्याचा जीर्णोद्धार करताना उघड्या जागांत कोणताही आकार काढला नाही. उरलेल्या चित्रातले रंग निवडून त्यांचे बारीक फटकारे एकमेकांवर आडवे-तिरपे ओढले, असे की जागेला चित्राच्या एकूण रंगाची सरासरी छटा येईल आणि उघडं लाकूड डोळ्यांत खुपणार नाही. काम १९७६मध्ये पुरं झालं. आजही त्या जागा स्पष्ट दिसतात. काहींना त्या लक्ष वेधून घेतात असं वाटतं आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही. फटकाऱ्यांचं जाळं स्वतःच एक पोत होऊन बसतं. तरी मला तिथला निर्णय पटतो, कारण उरलेल्या चाळीस टक्क्यांबद्दल पाहणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही.

आजची भरणीही कायम टिकणार नाही. कृत्रिम राळसुद्धा वयाने बदलते, वरचं नवं वॉर्निश पुन्हा काढावं लागतं, आणि तेव्हा सगळी रंगभरणी त्याच्याबरोबर जाते. म्हणून प्रत्येक चित्राची एक फाइल असते: सफाईआधीचे, मधले आणि नंतरचे फोटो, अतिनील प्रकाशातले फोटो, कोणत्या जागी कोणतं मिश्रण किती तीव्रतेचं वापरलं, कुठे चाचणी थांबवली आणि का, भरणीत कोणती राळ आणि कोणती रंगद्रव्यं. पुढच्या संवर्धकाला हे वाचून पहिल्या बोळ्याआधीच कळलं पाहिजे की सर्वांत सौम्य कोणत्या द्रावकात आमचं काम निघेल आणि कोणत्या जागी मूळ रंग इतका नाजूक आहे की त्या द्रावकानेही तिथे जायचं नाही.